फ्लशची टाकी वाहतच राहते, नाहीतर भरतच नाही : फ्लोट आणि इनलेट व्हॉल्व कसा तपासायचा

आमच्या बिल्डिंगचं पाण्याचं खातं बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मी प्लंबर नाही, पण फ्लशच्या टाकीची एकच तक्रार मजल्यामजल्यावरून इतक्या वेळा आली आहे की आता जिन्यात उभं राहून ऐकलं तरी पुढे काय निघणार याचा अंदाज येतो. तक्रारीचे शब्द साधारण असे असतात :

"भाऊ, रात्रभर सुर्र सुर्र आवाज येऊन राहिला." फ्लश करून तास उलटला तरी टाकीत पाणी पडतच असतं, आणि कमोडच्या मागच्या भिंतीवरून पाण्याची बारीक धार उतरताना दिसते.

"टाकी आपोआपच भरते." कोणी बाथरूममध्ये गेलेलं नसताना दर पंधरा-वीस मिनिटांनी टाकी दोन-चार सेकंद भरते आणि गप्प होते.

"एकदा फ्लश केला की दहा मिनिटं थांबा." पाणी येतं, पण दोऱ्यासारखं. सकाळी घरात चार माणसं असली की यावरून भांडणं होतात.

आणि चौथी, जी लोक स्वतःहून सांगत नाहीत, विचारल्यावर निघते : दोन्ही गोष्टी एकत्र. टाकी भरायला वेळही लावते आणि भरल्यावर थांबतही नाही. ऐकताना हे उलटसुलट वाटतं, कारण एकीकडे पाणी कमी आणि दुसरीकडे जास्त. पण नागपुरात, विशेषतः बेसा, मनीषनगरच्या बाजूला जिथे बोअरचं पाणी वापरात आहे, तिथे या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं : इनलेट व्हॉल्वच्या आत, रुपयाच्या नाण्याएवढ्या रबरापाशी. तिथपर्यंत जायची वाट खाली देतो आहे. सोप्यापासून आणि फुकटपासून सुरुवात आहे. क्रम मोडू नका, कारण पहिल्या तीन पायऱ्यांतच अर्ध्याहून जास्त लोकांचं काम होतं आणि पाना हातात घ्यावाच लागत नाही.

झाकण काढा आणि नुसतं बघा

झाकण चिनी मातीचं असेल तर ते कमोडच्या सीटवर ठेवू नका, बाहेर जमिनीवर जुन्या टॉवेलवर ठेवा. ते फुटलं तर त्याच मापाचं सुटं झाकण मिळवताना नाकी नऊ येतात. ड्युअल फ्लशचं बटण झाकणातच असेल तर आधी बटणाची रिंग डाव्या बाजूला फिरवून काढावी लागते.

आत तीन गोष्टी ओळखायच्या. एका बाजूला इनलेट व्हॉल्व, म्हणजे जिथून पाणी टाकीत येतं. त्याला जोडलेला फ्लोट : जुन्या टाकीत दांडीच्या टोकाला चेंडू, नव्यात व्हॉल्वलाच चिकटून वरखाली होणारा डबा. आणि मधोमध फ्लश व्हॉल्व, ज्यातून पाणी कमोडमध्ये जातं. त्याच्यातच वर तोंड उघडी असलेली नळी असते, ती ओव्हरफ्लो.

आता पाण्याची पातळी बघा. सगळं निदान इथून फुटतं. पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडापर्यंत चढून आत सांडत असेल, तर पाणी थांबवणारा भाग काम करत नाही. म्हणजे फ्लोट किंवा इनलेट व्हॉल्व. पाणी ओव्हरफ्लोच्या खाली असेल आणि तरीही टाकी मधूनमधून भरत असेल, तर पाणी खालून निसटतं आहे. म्हणजे फ्लश व्हॉल्वच्या बुडाचं रबर. हा फरक न बघता नवा इनलेट व्हॉल्व आणून बसवणारे बरेच पाहिले. पैसे जातात आणि सुर्र सुर्र तशीच राहते.

डोळ्यांनी नक्की होत नसेल तर अँगल कॉक बंद करा, म्हणजे भिंतीतून टाकीकडे येणाऱ्या नळीवरचा तो छोटा नळ. टाकीच्या आत पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण करा आणि अर्धा तास फ्लश वापरू नका. पाणी खुणेच्या खाली गेलं तर गळती बुडाशी. खुणेवरच राहिलं तर बूड ठीक आहे, इनलेटकडे वळा. कपड्यांना घालायची नीळ घरात असेल तर तिचे पाच-सहा थेंब टाकीत टाकून पंधरा मिनिटांनी कमोडमध्ये बघा. निळं पाणी उतरलेलं दिसलं तर उत्तर तेच. मात्र अँगल कॉक बंद ठेवूनच हे करा, नाहीतर ओव्हरफ्लोमधून उतरलेलं निळं पाणी बघून तुम्ही बुडाच्या रबराला दोष द्याल.

बुडाचं रबर बदलणं हे वेगळं काम आहे, आज त्यात शिरत नाही. इथून पुढचं सगळं इनलेटचं.

फ्लोट हाताने उचला

अँगल कॉक उघडा. टाकीत पाणी पडत असताना फ्लोट बोटांनी हळूच वर उचला, जितका जातो तितका.

पाणी तिथल्या तिथे बंद झालं, तर व्हॉल्व ठणठणीत आहे. त्याला बंद व्हायचा निरोपच वेळेवर मिळत नाही. याची कारणं तीनच. एक, पातळी फार वर लावलेली आहे. फ्लोटच्या बाजूला उभा स्क्रू किंवा चिमटा असतो, तो फिरवून किंवा सरकवून पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडापेक्षा साधारण एक इंच खाली थांबेल असं करा. काही टाक्यांत आतल्या भिंतीवर पातळीची रेघ छापलेली असते, ती असेल तर तीच धरा. जुनी पितळी दांडी असेल तर ती किंचित खाली वाकवायची असते, पण व्हॉल्वच्या बाजूचं टोक एका हाताने घट्ट धरून; नाहीतर जोर व्हॉल्वच्या पिनवर येतो आणि ती तुटते.

दोन, फ्लोट घासतो आहे. टाकीच्या भिंतीला, फ्लश व्हॉल्वच्या नळीला, किंवा कोणीतरी आत टाकलेल्या सुगंधी वडीच्या पिंजऱ्याला. फ्लोट हाताने पूर्ण वरखाली करून बघा. मध्ये कुठेही अडकता कामा नये. त्या वड्यांबद्दल एवढंच सांगतो की ब्लीचवाल्या वड्या टाकीत टाकल्या की रबर लवकर खराब होतं. टाकायच्याच असतील तर कमोडच्या कडेला अडकवायच्या मिळतात, त्या घ्या.

तीन, चेंडूत पाणी शिरलं आहे. काढून कानाशी हलवा. आत खळखळ ऐकू आली तर चेंडू बदला. सांध्याला चिकटपट्टी किंवा एम-सील लावून तो टिकत नाही.

पाणी फ्लोट उचलूनही थांबलं नाही, किंवा धार नुसती बारीक झाली पण टपटप चालूच राहिली, तर दोष व्हॉल्वच्या आत आहे. पण तिथे हात घालण्याआधी ज्यांची टाकी हळू भरते त्यांच्यासाठी दोन तपासण्या बाकी आहेत.

अँगल कॉक खरंच पूर्ण उघडा आहे का?

हसू नका. टाकी वाहते म्हणून कोणीतरी आधी अँगल कॉक पाऊण बंद करून ठेवलेला असतो. धार बारीक झाली की ओव्हरफ्लोचा आवाज येत नाही आणि सगळ्यांना वाटतं दुरुस्त झालं. काही महिन्यांनी तेच घर "टाकी भरूनच नाही राहिली" म्हणून तक्रार करतं. एखादा घाईतला प्लंबरही हे करून पैसे घेऊन जातो. म्हणून मुठ पूर्ण उघडून बघा. उघडल्यावर टाकी वेगाने भरली आणि वाहू लागली, तर तुमची खरी तक्रार पहिली आहे, तिसरी नाही. मागे जाऊन फ्लोटपासून सुरू करा.

मुठ फिरते पण धार तीच राहते, असंही होतं. मग नळाचा आतला भाग घसरलेला आहे किंवा क्षाराने भरला आहे. हे ओळखायला पुढची चाचणी.

बाटलीची चाचणी

अँगल कॉक बंद करा. टाकीकडचा कनेक्शन पाइपचा नट सोडा. खाली बादली असू द्या, पाइपमधलं थोडं पाणी सांडतंच. पाइपचं मोकळं टोक लिटरच्या बाटलीत धरा, कॉक पूर्ण उघडा आणि बाटली किती सेकंदात भरते ते मोबाइलवर मोजा.

दहा-बारा सेकंदात भरली, म्हणजे मिनिटाला पाच-सहा लिटर, तर पाणी भरपूर येतं आहे आणि ते व्हॉल्वमध्ये अडतं आहे. चाळीस सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला दीड लिटर, तर व्हॉल्वला हात लावू नका. अडचण अँगल कॉकमध्ये, कनेक्शन पाइपमध्ये किंवा त्याच्याही मागे आहे. त्याच बाथरूमचा दुसरा नळ उघडून बघा. तोही रडतखडत येत असेल तर गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व किंवा मुख्य पाइप बघावा लागेल, आणि तो प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही, सोसायटीचा आहे.

ही चाचणी एवढ्यासाठी महत्त्वाची की यानंतरच्या पायऱ्यांना पैसे आणि वेळ लागतो. त्या योग्य बाजूला खर्च होतात की नाही, ते ही बाटली सांगते.

जाळी

नट सोडलाच आहे तर इनलेट व्हॉल्वची खालची शेपटी, जिथे पाइप बसतो, तिच्या तोंडात टॉर्च मारून बघा. बऱ्याच नव्या व्हॉल्वमध्ये तिथे प्लास्टिकची बारीक जाळी असते. ती चिमट्याने ओढून काढा. गच्चीवरची टाकी धुतल्यानंतर, टँकरचं पाणी घेतल्यानंतर, किंवा उन्हाळ्यात टाकी तळाला लागल्यानंतर ही तक्रार वाढते, कारण तळाचा गाळ पाइपात ओढला जातो आणि इथे येऊन थांबतो. जाळीत वाळू, गंजाचे तुकडे, पांढरी खडी, टेफ्लॉन टेपचे तुकडे, सगळं सापडतं.

नळाखाली जुन्या टूथब्रशने घासा. पांढरा थर बसला असेल तर किराणा दुकानातून लिंबूसत्व आणा, ग्लासभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा घालून जाळी तासभर बुडवून ठेवा. टॉयलेट साफ करायचं ॲसिड इथे वापरू नका. त्याने रबर आणि पितळ दोन्ही जातं. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचच्या संपर्कात येऊ देऊ नका, विषारी वायू निघतो. टाकीत ब्लीचची वडी असेल तर ती आधी काढून टाकी दोन-तीनदा फ्लश करा.

जाळी काढूनच टाकावी असं काही जण सुचवतात. करू नका. जाळी नसली की तोच कचरा पुढे रबराच्या भोकात जाऊन बसतो, आणि ते भोक साफ करणं जाळीपेक्षा कितीतरी किचकट.

त्याच शेपटीत जाळीच्या वर कधी कधी रंगीत प्लास्टिकचा छोटा तुकडा असतो, मध्ये बारीक भोक असलेला. हा पाण्याचा जोर कमी करण्यासाठी असतो. याच्याबद्दल पुढे सांगतो, कारण वरच्या मजल्यावरच्या लोकांना याने फार छळलेलं आहे.

आतलं रबर : दोन्ही तक्रारींचं घर

आता व्हॉल्वच्या आत काय चालतं ते समजून घेऊ, म्हणजे पुढे अंदाजाने स्क्रू सोडावे लागणार नाहीत.

जुन्या पितळी बॉल कॉकमध्ये गोष्ट सरळ आहे. चेंडू वर गेला की दांडी एका दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्याच्या टोकाचं वॉशर पाण्याचं तोंड बंद करतं. महाल, इतवारीतल्या जुन्या घरांत उंचावर बसवलेल्या साखळीच्या टाक्या अजून आहेत, त्यात हेच असतं. वॉशर घासलं की टपकतं, दट्ट्या क्षाराने अडकला की हळू भरतं. पिन काढा, दट्ट्या बाहेर काढा, साफ करा, वॉशर बदला. काम संपलं.

नव्या, आवाज न करणाऱ्या व्हॉल्वमध्ये फ्लोटचा जोर पाण्याला थेट अडवतच नाही. तिथे रबराचा पातळ पडदा असतो. दुकानात डायफ्राम म्हणा, नाहीतर व्हॉल्वचं वॉशर म्हणा, दोन्ही चालतं. पडद्याच्या एका बाजूला नळाचं पाणी येऊन धडकतं. पडद्यात एक अगदी बारीक भोक असतं, त्यातून थोडं पाणी पडद्याच्या मागच्या खोलीत जातं. त्या खोलीला बाहेर जायला आणखी एक बारीक तोंड असतं, आणि फ्लोटची दांडी फक्त तेवढं तोंड झाकते किंवा उघडते.

फ्लोट वर गेला, तोंड झाकलं गेलं. मागच्या खोलीत पाणी साचतं, तिथला दाब नळाच्या दाबाएवढा होतो. पण मागच्या बाजूने पाणी पडद्याच्या पूर्ण गोलावर दाबतं आणि पुढच्या बाजूने फक्त नळाचं पाणी येतं त्या मधल्या तोंडाएवढ्या जागेवर. म्हणून मागची बाजू जिंकते आणि पडदा त्या मधल्या तोंडाच्या कडेवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, घट्ट बसतो. फ्लोट खाली आला, तोंड उघडलं, मागचं पाणी निघून गेलं, पडदा मागे सरकला आणि टाकी भरू लागली. म्हणजे पाणी स्वतःच्याच दाबाने स्वतःला थांबवतं. फ्लोट फक्त इशारा देतो.

आता कचऱ्याचा एक कण घ्या आणि बघा तो कुठे बसल्यावर काय होतं.

पडद्यातल्या भोकात बसला तर मागची खोली भरतच नाही. पडदा बंद होत नाही. फ्लोट हाताने कितीही उचला, पाणी चालूच.

मागच्या खोलीच्या तोंडात बसला तर खोली रिकामी होत नाही. पडदा उघडत नाही, किंवा अर्धवट उघडतो. टाकी भरायला दहा मिनिटं.

पडदा आणि त्याची बैठक यांच्यामध्ये बसला तर पडदा बंद होतो पण पूर्ण टेकत नाही. बारीक धार, रात्रभर. इथे साधं गणित करून बघा : मिनिटाला पाव लिटर, म्हणजे पेलाभर पाणी सांडत असेल तर दिवसाला 360 लिटर जातं. मीटरवर पाणी असेल तर ते बिलात दिसतं, बोअर असेल तर मोटार जास्त वेळ चालते.

म्हणून बोअरच्या पाण्यात दोन्ही तक्रारी एकत्र येतात. क्षाराची खडी एका जागी थांबत नाही. थोडी बैठकीवर, थोडी तोंडात. शिवाय मे महिन्यात आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. अशा पाण्यात रबर लवकर कडक होतं, आणि कडक पडदा स्वच्छ असला तरी बैठकीवर नीट टेकत नाही.

उघडायची पद्धत व्हॉल्वप्रमाणे बदलते. बहुतेकांत वरची टोपी थोडीशी डावीकडे फिरवली की सुटते, काहींत दांडीच्या मागे नट असतो. आधी अँगल कॉक बंद करा, टाकी फ्लश करून रिकामी करा, फ्लश व्हॉल्वच्या तोंडावर फडकं टाका म्हणजे छोटे भाग आत पडणार नाहीत. उघडण्याआधी फोटो काढा, आणि पडदा काढताना त्याची कुठली बाजू बाहेर होती तोही फोटो घ्या. उलटा बसवला तर व्हॉल्व चालत नाही.

पडदा काढल्यावर लगेच परत लावू नका. व्हॉल्वच्या उघड्या तोंडावर एक पेला उपडा धरा आणि अँगल कॉक चार-पाच सेकंद उघडा. पाइपातला उरलेला कचरा त्या झोताने बाहेर येतो. पेला नसेल तर छत ओलं होतं, म्हणून तो घट्ट धरा. ही पायरी गाळली की साफ केलेला व्हॉल्व दोन दिवसांत परत तुंबतो.

पडद्यातलं भोक टाचणीने साफ करू नका. भोक मोठं झालं की मागची खोली फार लवकर भरते आणि टाकी कायमची हळू होते. टूथब्रशचा एक केस घ्या, तो आरपार घाला. काही पडद्यांत भोकातून एक बारीक प्लास्टिकची काडी जाते. परत बसवताना ती भोकात गेलीच पाहिजे. रबर बोटांनी दुमडून बघा. मऊ असेल आणि गोल खड्डा पडलेला नसेल तर धुवून परत लावा. बैठकीच्या मापाची खोल रेघ उमटली असेल, कडेला चीर असेल किंवा रबर टणक झालं असेल तर नवं घ्या. सुटा पडदा मिळाला तर दहा-वीस, फार तर पन्नास रुपयांचं काम. जुना पडदा खिशात टाकून दुकानात जा. नुसतं तोंडी वर्णन करून योग्य माप मिळत नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण : वरच्या मजल्यावरचा त्रास

तळमजला अधिक तीन मजल्यांची बिल्डिंग, पाणी बोअर आणि महापालिका दोन्हींचं, गच्चीवर एक मोठी टाकी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, "दिवसा टाकी भरत नाही अन् रात्री थांबत नाही. दोनदा नवीन व्हॉल्व टाकून पाह्यला, काऊन असं होऊन राहिलं समजून नाही राहिलं." टाकी 6 लिटरची, भरायला 9 मिनिटं.

पेन्सिलची खूण : अर्ध्या तासात हलली नाही. बूड ठीक. पातळी : ओव्हरफ्लोच्या तोंडावर. फ्लोट उचलला : धार कमी झाली, थांबली नाही. म्हणजे दोष आत. बाटली : लिटरला 10 सेकंद, म्हणजे मिनिटाला 6 लिटर पाणी पाइपात आहे. पण टाकी 9 मिनिटांत 6 लिटर घेत होती, म्हणजे व्हॉल्व मिनिटाला पाऊण लिटरही सोडत नव्हता.

जाळी अर्धी गाळाने भरलेली निघाली. ती साफ केल्यावर वेळ साडेतीन मिनिटांवर आला. मग टोपी उघडली. बैठकीवर पांढरी खडी चिकटलेली, पडद्यावर गोल रेघ. पडदा नवा टाकला, पेल्याने झोत दिला, बैठक टूथब्रशने घासली. ओव्हरफ्लो बंद झाला. पातळी एक इंच खाली लावली.

तरी साडेतीन मिनिटं काही कमी होईनात, आणि दुसरा व्हॉल्व नवाच होता. उत्तर होतं शेपटीतल्या त्या रंगीत तुकड्यात. पाण्याच्या दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो. गच्चीवरच्या टाकीपासून तिसऱ्या मजल्याच्या फ्लशपर्यंत उंची जेमतेम साडेतीन मीटर, म्हणजे दाब 0.35 बारच्या आसपास. तळमजल्यावर तोच दाब सव्वा बार होतो. तो तुकडा जास्त दाबासाठी असतो. तळमजल्यावर तो हवाच, नाहीतर पाइप ठोकल्यासारखा आवाज करतो. वरच्या मजल्यावर तो असला की आधीच दमलेल्या पाण्याचं तोंड आणखी आवळलं जातं. तुकडा काढला, जाळी परत लावली, टाकी दीड मिनिटात भरली.

काकूंनी घेतलेले दोन्ही व्हॉल्व चांगलेच होते. दोन्ही वेळा तुकडा तसाच राहिला, कारण तो पाकिटातूनच आत बसवलेला येतो आणि सोबतचा कागद कोणी उघडत नाही.

एवढं करूनही कमी दाबावर पडदा नीट बंद होत नसेल, विशेषतः गच्चीवरची टाकी तळाला आल्यावरच गळत असेल, तर मागच्या खोलीत पडदा दाबण्याएवढा दाबच तयार होत नाही. असा पडद्याचा व्हॉल्व वरच्या मजल्याला मानवत नाही. तिथे दांडी-चेंडूवाला साधा बॉल कॉक लावा. थोडा आवाज करेल, पण भरेल आणि थांबेल.

पूर्ण व्हॉल्व बदलायचा असेल तर

घरी जमण्यासारखं शेवटचं काम हे. आधी तीन गोष्टी बघून घ्या : पाणी टाकीच्या बुडातून येतं की बाजूने, जोड अर्ध्या इंचाचा आहे ना, आणि टाकीची आतली उंची. जुना व्हॉल्व सोबत नेला तर हे सगळं आपोआप जुळतं. साधा प्लास्टिकचा दोन-चारशे रुपयांत मिळतो.

टाकी रिकामी करा, तळाला उरलेलं पाणी फडक्याने टिपून घ्या. बाहेरचा नट सोडताना आतून व्हॉल्व दुसऱ्या हाताने धरा, नाहीतर पूर्ण व्हॉल्व फिरतो आणि फ्लोट आपटतो. नवा बसवताना रबरी वॉशर टाकीच्या आतल्या बाजूला. प्लास्टिकचा नट हाताने घट्ट करा, मग पान्याने फार तर पाव फेरा. ओलावा दिसला तर आणखी थोडा. जोर लावला की चिनी मातीच्या टाकीला भोकापासून तडा जातो. जिथे रबरी वॉशरने सील होतं तिथे टेफ्लॉन टेप लावू नका. तिथे तिचा उपयोग नाही, आणि तिचे तुकडे सुटून आत जातात.

इथे थांबा, प्लंबर बोलवा

अँगल कॉक बंदच होत नसेल तर पुढचं काहीही सोडू नका. आधी गच्चीवरचा तुमच्या लाइनचा व्हॉल्व बंद व्हायला हवा, आणि तो कुठला हे सोसायटीत विचारूनच फिरवा.

अँगल कॉक किंवा नट सोडताना भिंतीतला पाइपही सोबत फिरतो आहे असं वाटलं, तर त्याच क्षणी हात काढा. जुन्या लोखंडी पाइपचे आटे भिंतीत गंजलेले असतात. आणखी एक फेरा दिला की टाइलच्या मागे तुटतात आणि मग पाण्यासोबत भिंतही फोडावी लागते.

टाकीला तडा दिसला, मग तो केसाएवढा का असेना, तर दुरुस्ती नाही, टाकीच बदलायची.

टाकी भिंतीच्या आत बसवलेली असेल तर बटणाची प्लेट काढून जाळी आणि फ्लोटपर्यंत हात पोचतो, तेवढंच करा. आतला कॉक घट्ट असेल किंवा प्लेटमागे ओल दिसली तर पुढे जाऊ नका. त्यांचे भाग वेगळे आणि महाग असतात, आणि त्याच कंपनीचे लागतात.

खालच्या घराच्या छताला ओल आली असेल तर ती फ्लोटमुळे नाही. ओव्हरफ्लोचं पाणी कमोडमध्येच जातं, छतात नाही. कमोडचा सांधा, बाहेर जाणारा पाइप किंवा भिंतीतली लाइन, यांपैकी काहीतरी गळतं आहे, आणि ते शोधायला माणूस आणि त्याची हत्यारं दोन्ही लागतात. येईपर्यंत ते बाथरूम वापरू नका, आणि खालच्यांना विजेच्या दिव्याजवळ ओल आहे का ते बघायला सांगा. असेल तर त्या खोलीचा स्विच मेनवरून बंद करायला लावा.